एक रील गाजलं आणि अहवाल चुकला

समजा, पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेचं इन्स्टाग्रामवर पान आहे. नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं, लेखकांशी गप्पा, जुन्या आवृत्त्यांचे फोटो अशा महिन्याला बारा पोस्ट त्यावर पडतात. दर महिन्याला एक अहवाल आपोआप तयार होतो आणि मालकांच्या मेलमध्ये येऊन पडतो. आकडे गूगल शीटमध्ये जमतात, सूत्र चालतं, गेल्या महिन्याशी तुलना होते. वाढ असेल तर हिरवा बाण, घट असेल तर लाल. मधे कुणी माणूस नाही.

जूनमध्ये त्यांच्या अकरा पोस्टचा रीच, म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोचली तो आकडा, असा होता: 640, 710, 780, 820, 850, 890, 930, 960, 1,020, 1,100 आणि 1,240. बारावी पोस्ट होती एका वृद्ध कंपोझिटरचं रील. शिशाचे खिळे जुळवताना त्यांची बोटं कशी चालतात, एवढंच त्यात होतं. ते 1,86,000 खात्यांपर्यंत गेलं.

अहवालात लिहून आलं, ‘सरासरी रीच 16,328’. सगळे खूश. जुलैत कुठलंच रील गाजलं नाही, पण बाराही पोस्ट 980 ते 1,450 या पट्ट्यात राहिल्या. एकूण बेरीज 14,240, सरासरी 1,187. ऑगस्टच्या सुरुवातीला मेल आला, त्यात लाल बाण आणि ‘सरासरी रीचमध्ये 93 टक्के घट’.

बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. तरी अहवालातून निघालेला अर्थ उलटा आहे. कारण जुलैतल्या पोस्टचे आकडे चढत्या क्रमाने लावून जूनच्या पोस्टशेजारी ठेवले, तर ते गाजलेलं रील वगळता प्रत्येक जागी जुलैच वरचढ दिसतो. ज्यांनी महिनाभर मेहनत करून नेहमीच्या पोस्ट सुधारल्या, त्यांनाच या मेलनंतर ‘काय बिघडलं?’ असं विचारलं जातं. मला या प्रकारात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

हे कसं होतं? सरासरी काढताना त्या एका रीलचे 1,86,000 बारा पोस्टमध्ये सारखे वाटले जातात. प्रत्येकीच्या वाट्याला 15,500 येतात. म्हणजे 16,328 पैकी 15,500 एकट्या रीलचे आणि उरलेल्या अकरा पोस्टचा वाटा जेमतेम 828. बारापैकी अकरा पोस्ट सरासरीच्या खाली आहेत, तेही थोड्याथोडक्या फरकाने नव्हे. त्या महिन्यातली एकही पोस्ट 16,000च्या आसपास गेलेली नाही.

रीचच्या आकड्यांमध्ये हे वारंवार घडतं, आणि त्याला कारण आहे. पोस्ट आधी थोड्या लोकांना दिसते. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, पुढे पाठवली, तर ती आणखी लोकांना दाखवली जाते, त्यांनीही तेच केलं तर आणखी. ही वाढ बेरजेची नसते, गुणाकाराची असते. शिवाय रीच खाली शून्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, वर मात्र त्याला जवळजवळ मर्यादा नाही. त्यामुळे आकडे एका बाजूला लांबच लांब ताणले जातात, आणि सरासरी त्या ताणाबरोबर ओढली जाते.

दहावीच्या गणितात भेटलेला मध्यक इथे कामाला येतो. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. जूनमध्ये सहावा आकडा 890, सातवा 930, म्हणून मध्यक 910. गाजलेलं रील 1,86,000 ऐवजी 18,60,000 लोकांपर्यंत गेलं असतं तरी मध्यक 910च राहिला असता, कारण ते रांगेच्या टोकाला आहे आणि टोकाचा आकडा किती मोठा आहे हे मध्यक विचारतच नाही. ते रील काढूनच टाकलं, तर मध्यक 890 होतो. सरासरी मात्र 16,328वरून थेट 904वर कोसळते.

जुलैचा मध्यक 1,170. म्हणजे 910च्या तुलनेत सुमारे 29 टक्के वाढ. बाण हिरवा होतो.

शीटमध्ये बदल एका शब्दाचा आहे:

```
=AVERAGE(B2:B13)
=MEDIAN(B2:B13)
```

एवढं करून थांबलं तर दुसरी चूक होते. मध्यकात ते गाजलेलं रील पूर्ण अदृश्य होतं, आणि संस्थेच्या दृष्टीने ती त्या महिन्यातली मोठी घटना होती. म्हणून मध्यकाच्या शेजारी सर्वांत मोठा रीच वेगळ्या ओळीत द्यावा, आणि तो मध्यकाच्या किती पट आहे तेही:

```
=MAX(B2:B13)/MEDIAN(B2:B13)
```

जूनमध्ये हे उत्तर 204 येतं, जुलैत सव्वाच्या आसपास. हा आकडा पाचदहाच्या पुढे गेला की अहवालाने स्वतःहून ‘या महिन्यात एक पोस्ट फार वेगळी आहे’ अशी ओळ लिहावी. पाच की दहा, हे आपल्या पानाचे मागचे काही महिने पाहून ठरवावं. गाजलेली पोस्ट हाताने वगळून सरासरी काढण्याचा मार्ग मला पटत नाही. कोणती वगळायची हे दर महिन्याला कुणीतरी ठरवणार, आणि मग तुलनेला पाया उरत नाही.

मध्यकही सगळीकडे चालत नाही. समजा सहा फोटो 900च्या आसपास आणि सहा रील 4,000च्या आसपास आहेत. मध्यक येईल 2,450 आणि तेवढा रीच एकाही पोस्टचा नसेल. पुढच्या महिन्यात एक फोटो कमी आणि एक रील जास्त झालं की तो उडी मारून 4,000वर जाईल, पोस्टचा दर्जा तसाच असला तरी. अशा वेळी दोन्ही प्रकारांचे मध्यक वेगळे काढावेत:

```
=MEDIAN(FILTER(B2:B13, C2:C13="Reel"))
```

महिन्याला तीनचारच पोस्ट असतील तरीही मध्यक डगमगतो. तिथे तीन महिन्यांच्या पोस्ट एकत्र घेणं बरं. पण एकत्र घेणं म्हणजे मूळ आकडे एकत्र घेणं. तीन महिन्यांच्या तीन मध्यकांची सरासरी म्हणजे तिमाहीचा मध्यक नव्हे. आणि जाहिरातदाराला एकूण किती वेळा जाहिरात दिसली याचे पैसे द्यायचे असतील, तर त्याला बेरीजच लागते, मध्यकाचा त्याला उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात सहज निसटते. पोस्टचा रीच दिवसागणिक वाढत असतो. महिन्याच्या एक तारखेला आकडे उचलले, तर तिसाव्या दिवशीची पोस्ट एका दिवसाची असते आणि पहिल्या आठवड्यातली तीन आठवड्यांहून जुनी. सगळ्यांचा सातव्या दिवशीचा रीच घेतला तरच रांग खरी लागते. तोही आकड्याच्याच रूपात शीटमध्ये यायला हवा. ‘1.2K’ असा मजकूर आला, तर MEDIAN तो खाना गुपचूप सोडून देतं आणि बारा पोस्टचा मध्यक अकरांवरच निघतो. शेजारी COUNT लावून ठेवलं की बाराऐवजी अकरा दिसतात आणि चूक पकडता येते.

हे सगळं जागेवर बसलं की मालकांना खरोखर महत्त्वाचा प्रश्न विचारता येतो. कंपोझिटरच्या रीलमुळे आलेले नवे लोक टिकले का? ज्या सरासरीत ते रील स्वतःच बसलेलं आहे, ती याचं उत्तर देऊ शकत नाही. रीलच्या आधीच्या बारा पोस्टचा मध्यक आणि नंतरच्या बारांचा मध्यक शेजारी ठेवला, तर थोडं कळतं. 910वरून 1,170वर जाण्यात त्या नव्या वाचकांचा वाटा असू शकतो, पोस्टच्या सुधारणेचाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मध्यक 1,100च्या वर राहिला, तर वाढ टिकली असं म्हणता येईल. पुन्हा 900कडे घसरला, तर ती लाट आली तशी गेली.