साठ मिलिमीटर पावसाचे तीन हिशेब

शेततळे खोदायचे ठरले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो, दुसरा जागेचा. तळ्यात पाणी किती येईल, हा प्रश्न बहुतेक वेळा वार्षिक सरासरी पावसाला एखाद्या टक्केवारीने गुणून मिटवला जातो. मी जलअभियंता नाही. पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवता ठेवता आणि मिळतील ती पुस्तके वाचत मी या विषयात शिरलो. त्या वाचनात आणि आकडेमोडीत एक गोष्ट पक्की झाली. तळे वर्षाच्या पावसाने भरत नाही, मोजक्या दिवसांच्या पावसाने भरते. ते दिवस कोणते, हे सांगणारी एक सोपी रीत आहे. तिचे नाव कर्व्ह नंबर पद्धत.

अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. पाऊस पडला की पहिला काही भाग पाने भिजण्यात, खळग्यांत आणि जमिनीत मुरण्यात जातो. ही आरंभीची घट. ती भागल्याशिवाय पाणी वाहत नाही. त्यानंतरच्या पावसातलाही काही भाग जमीन पीत राहते, पण तिची ताकद हळूहळू संपत जाते. जमीन एकूण किती पाणी धरू शकेल, त्याला साठवण म्हणू. वाहून जाणाऱ्या पाण्याला अपधाव म्हणतात. सगळी मापे मिलिमीटरमध्ये घेतली तर सूत्रे अशी:

साठवण = (२५४०० ÷ कर्व्ह नंबर) − २५४

अपधाव = (पाऊस − आरंभीची घट)² ÷ (पाऊस − आरंभीची घट + साठवण)

पाऊस आरंभीच्या घटीपेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य धरायचा. कर्व्ह नंबर हा शंभरपर्यंतचा आकडा. शंभर म्हणजे काहीच न पिणारी जमीन. माती किती पाणी मुरवते त्यानुसार जमिनीचे ए, बी, सी, डी असे चार गट केले आहेत. पीक आणि पेरणीची दिशा पाहून तक्त्यातून आकडा काढायचा. आपली भारी काळी जमीन डी गटात येते. उताराला आडव्या पेरणीच्या, चांगल्या निगराणीच्या ओळीच्या पिकासाठी तिथे ८६ हा आकडा दिलेला आहे.

मात्र हा ८६ मध्यम ओलाव्याचा आहे. पद्धतीचा खरा कस पुढच्या पायरीत लागतो. पिकाच्या हंगामात आधीच्या पाच दिवसांत एकूण ३६ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला असेल तर जमीन कोरडी धरायची आणि ८६च्या जागी ७२ घ्यायचा. ५३च्या वर झाला असेल तर जमीन ओली, आणि आकडा ९४. मधल्या स्थितीत ८६ कायम. भारतातल्या काळ्या जमिनीसाठी आणखी एक फरक करतात. कोरडी असताना तिला भेगा असतात, म्हणून आरंभीची घट साठवणीच्या तीन दशांश धरतात. मध्यम किंवा ओली असताना भेगा मिटलेल्या असतात, तेव्हा ती एक दशांश.

आता मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या शेतासारखे दोन हेक्टरांचे काळ्या जमिनीचे पाणलोट डोळ्यांसमोर आणू. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा घनमीटर. म्हणून इथे एक मिलिमीटर अपधाव म्हणजे वीस घनमीटर. या शेतावर एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस झाला.

जमीन कोरडी असेल तर साठवण सुमारे ९९ आणि आरंभीची घट सुमारे ३० मिलिमीटर. सूत्रातून अपधाव येतो जेमतेम ७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १४० घनमीटर. मध्यम ओलाव्यात साठवण ४१वर येते आणि अपधाव ३२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६४० घनमीटर. ओल्या जमिनीवर साठवण फक्त १६, आणि अपधाव ४६ मिलिमीटर, म्हणजे ९००हून अधिक घनमीटर. पाऊस तोच, शेत तेच. आधीच्या पाच दिवसांमुळे पाणी सहापटीने बदलले.

तीस बाय तीस मीटर तोंडाचे, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू असलेले तळे सुमारे २,२०० घनमीटर पाणी धरते. ते भरायला या पाणलोटातून ११० मिलिमीटर अपधाव हवा. ओल्या जमिनीवर ६० मिलिमीटरचे अडीच पाऊस त्याला पुरतात. कोरड्या जमिनीवर तसे पंधरा पाऊस लागतील.

सरासरीचा हिशेब कुठे फसतो ते आता दिसेल. समजा, हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, पण तो दर तीन दिवसांनी २० मिलिमीटर असा तीन महिने पडला. प्रत्येक वेळी आधीच्या पाच दिवसांत २० मिलिमीटरच झालेले असतात, म्हणजे जमीन कोरडीच धरली जाते. २० हे ३०पेक्षा कमी, म्हणून अपधाव प्रत्येक वेळी शून्य. पीक उत्तम येईल, तळे कोरडे राहील. तेच ६०० एकदम सूत्रात घातले तर साडेपाचशे मिलिमीटरवर अपधाव निघतो. सूत्र दिवसाच्या पावसासाठी आहे; त्यात वर्षाचा पाऊस घालणे हा त्याचा गैरवापर आहे.

तक्त्यातला आकडा आपल्या शेताला लागू पडतो का, हे तळेच सांगते. तळ्यात खुणांची काठी रोवावी. समजा, मध्यम ओलाव्यावर ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी दीड मीटरवरून २.१ मीटरवर चढले. बाजू उतरत्या असल्याने ही वाढ सुमारे ४५७ घनमीटर भरते. त्यातले ५४ घनमीटर थेट तळ्याच्या तोंडावर पडलेले. उरले सुमारे ४००, म्हणजे पाणलोटातून २० मिलिमीटर. सूत्र ३२ सांगत होते. सूत्र उलटे चालवले तर या शेताचा कर्व्ह नंबर ७६च्या आसपास निघतो.

एका पावसावरून आकडा बदलू नये. फरक कसा वागतो ते चार-पाच पावसांत पाहावे. फक्त सुरुवातीच्या पावसात पाणी कमी आले तर ते भेगांत जात आहे. लहान-मोठ्या प्रत्येक पावसात त्याच प्रमाणात कमी आले तर दोष कर्व्ह नंबरचा नाही; पाणलोटाचा काही भाग दुसरीकडे उतरतो आहे, तेव्हा शेत चालून पाहावे. लहान पावसात काहीच नाही आणि मोठ्या पावसात एकदम पुष्कळ, असे असेल तर वरचे बांध पाणी अडवत आहेत. एक मर्यादा मात्र काठीनेही सुटत नाही. ६० मिलिमीटर एका तासात पडले की दिवसभरात, हे या पद्धतीला कळत नाही. म्हणून मुसळधार पावसात ती पाणी कमी सांगू शकते, रिपरिपीत जास्त.

तळे खोदण्याआधी करायचे काम इतकेच. कृषी विभाग मंडळनिहाय रोजचा पाऊस प्रसिद्ध करतो. जवळच्या मंडळाची जितकी वर्षे मिळतील तितकी घ्यावीत. प्रत्येक दिवसासमोर आधीच्या पाच दिवसांची बेरीज, तिच्यावरून कर्व्ह नंबर आणि त्यातून अपधाव लिहावा, आणि वर्षाची बेरीज करावी. पंधरा वर्षे मिळाली तर बेरजा मोठ्यापासून लहानाकडे लावून बारावा आकडा निवडावा. निदान तेवढे पाणी चारपैकी तीन वर्षांत येते असे धरता येते. तो आकडा ११० मिलिमीटरच्या आत असेल, तर दोन हेक्टरांच्या पाणलोटाखाली तीस बाय तीसचे तळे मोठे आहे. मग चर काढून आणखी क्षेत्राचे पाणी वळवावे, नाही तर तळे लहान खोदावे.