शेअरच्या चालीवरून ठरणारा स्टॉपलॉस

‘घेतल्या भावाच्या पाच टक्के खाली स्टॉपलॉस लाव’ हा सल्ला बाजारात नव्याने उतरलेल्या बहुतेकांच्या कानावर पडतो. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण तो शेअरकडे बघतच नाही. समजा दोन शेअर आहेत, दोन्ही ५०० रुपयांचे. पहिला दिवसभरात साधारण ८ रुपये वरखाली होतो, दुसरा २५. पाच टक्के म्हणजे दोन्हीकडे २५ रुपयेच. पहिला तेवढा पडायचा तर सलग तीन दिवस त्याची जवळजवळ सगळी चाल खालच्या दिशेने व्हायला हवी. दुसरा मात्र एखाद्या कंटाळवाण्या दुपारी, कंपनीचं काहीही बिघडलेलं नसताना, तिथे टेकून परत वर जातो. तुमचा माल विकला गेलेला असतो आणि भाव पुन्हा ५०० असतो.

हे ‘८’ आणि ‘२५’ मोजायची रीत वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात मांडली. तो मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. आज प्रत्येक चार्टवर दिसणारा आरएसआयही त्याच पुस्तकातला. या रीतीला ॲव्हरेज ट्रू रेंज, म्हणजे एटीआर म्हणतात. यातला ‘ट्रू’ महत्त्वाचा. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक एवढंच मोजलं, तर रात्रीतून पडलेली गॅप हिशेबातून निसटते. म्हणून वाइल्डर तीन अंतरं बघतो: आजचा उच्चांक ते आजचा नीचांक, कालचा बंद भाव ते आजचा उच्चांक, आणि कालचा बंद भाव ते आजचा नीचांक. त्यातलं सर्वात मोठं ते त्या दिवसाचं. मग १४ दिवसांची सरासरी, पण तीही जरा वेगळी: कालच्या एटीआरला १३ ने गुणायचं, आजचं अंतर मिळवायचं आणि १४ ने भागायचं.

स्टॉपलॉस साधारणपणे एटीआरच्या दुप्पट ते तिप्पट अंतरावर लावतात. दुप्पट धरली, तर पहिल्या शेअरचा स्टॉपलॉस ४८४ वर येतो आणि दुसऱ्याचा ४५० वर. इथे बरेच जण घाबरतात: ५० रुपयांचा तोटा? पण अंतर वाढलं तर शेअर कमी घ्यायचे, हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे. एका सौद्यात ५,००० रुपयांपर्यंतच तोटा सोसायचा असं ठरवलं, तर पहिल्याचे ३१२ शेअर येतात, दुसऱ्याचे १००. एकात दीड लाखाच्या वर रक्कम गुंतते, दुसऱ्यात पन्नास हजार, आणि चुकलो तर दोन्हीकडे तोटा जवळपास सारखाच. संख्या न बदलता नुसता स्टॉपलॉस लांब नेणं म्हणजे जास्त तोट्याची तयारी करणं.

आता पहिलाच शेअर पुढे नेऊ. काल तो ५०० वर बंद झाला. रात्री कंपनीचे निकाल आले, वाईट. आज भाव उघडला ४७८, वर गेला ४८१, खाली ४७४. दिवसाचा पल्ला फक्त ७ रुपये, नेहमीपेक्षाही कमी. पण कालच्या बंद भावापासून नीचांक २६ रुपये दूर. ट्रू रेंज २६, आणि एटीआर ८ वरून ९.३ होतो. तुमचा ४८४ चा स्टॉपलॉस? त्या भावाला आज सौदाच झाला नाही. बाजारभावाने विकलं असेल, तर ४७८ च्या आसपास सुटका होते, म्हणजे शेअरमागे १६ ऐवजी २२ रुपये गेले. पण ट्रिगर ४८४ आणि लिमिट ४८२ अशी ऑर्डर असेल, तर ती जागी होते, ४८२ ला गिऱ्हाईक शोधते आणि दिवसभर तशीच पडून राहते. एटीआर मागचं मोजतो. निकालाची तारीख त्याला ठाऊक नसते. उलट निकालाआधी शेअर शांत असेल, तर तो स्टॉपलॉस आणखी जवळ ओढतो. अशा वेळी संख्या कमी करणं किंवा निकाल होईपर्यंत बाहेर राहणं मला जास्त पटतं.

याच दिवशी आणखी एक मोह होतो. नवा एटीआर ९.३, म्हणून स्टॉपलॉस ५०० वजा १८.६, म्हणजे ४८१.४! शेअर पडला की एटीआर वाढतो, आणि रोज नव्याने हिशेब केला तर स्टॉपलॉस भावाच्या पुढे पुढे खाली पळतो. म्हणून पहिला स्टॉपलॉस घेतानाच्या एटीआरवर ठरवायचा आणि नंतर तो फक्त वर न्यायचा. शेअर ५६० पर्यंत चढला, एटीआर १० असला, तर तिप्पट अंतराने तो ५३० वर येतो. उद्या एटीआर १४ झाला तर गणित ५१८ सांगेल. तरी ५३० वरच ठेवायचा.

स्वतःच्या एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनी बोनस आणि स्प्लिटच्या तारखा तपासाव्यात. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव एका रात्रीत कागदावर निम्मा झाला. जुने भाव दुरुस्त केले नाहीत, तर अशा दिवसाची ट्रू रेंज हजारावर जाते आणि पुढचे कित्येक आठवडे एटीआर फुगलेला राहतो. चार्टवर काहीच घडलेलं नसताना तुमचा आकडा अचानक दहापट दिसला, तर आधी तिथेच बघावं.