एका धापेला दोन बाण

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मेडिकल-सर्जिकल विषयात ‘कॉन्सेप्ट मॅप’ काढायला सांगतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी 1970च्या दशकात ही पद्धत घडवली. तिचा नियम साधा आहे: दोन चौकटी बाणाने जोडल्या, तर त्या बाणावर शब्द हवेत. ‘मूत्रपिंड’ आणि ‘सूज’ यांच्यामध्ये नुसती रेघ ओढून भागत नाही. ‘मीठ-पाणी बाहेर टाकत नाही म्हणून’ असे तिथे लिहावे लागते. खरी परीक्षा बाणांची असते, चौकटी काय, पुस्तकातूनही उतरवता येतात.

समजा, वॉर्डात 56 वर्षांच्या एक काकू आल्या आहेत. जुना मधुमेह, रक्तदाब 160/96, पायांवर सूज, आठवड्यात वजन तीन किलोंनी वाढलेले. हिमोग्लोबिन 7.6, पोटॅशियम 5.8. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, म्हणजे जीएफआर, 18 आहे. निरोगी तरुण माणसात ती 90च्या वर असते. तीन महिन्यांहून अधिक काळ ती 60च्या खाली राहिली, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. काकूंची तक्रार एकच: “सिस्टर, धाप लागते हो.”

नकाशाच्या मधोमध ‘गाळणाऱ्या नेफ्रॉनची संख्या घटली’ ही चौकट येते. मधुमेहाने काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेल्यांवर जादा काम पडते आणि त्या ताणाने तेही झिजत जातात. इथून फांद्या फुटतात. त्यातल्या दोन फिरून धापेपाशीच पोचतात.

पहिली फांदी पाण्याची. मीठ आणि पाणी साठले, ते पायांत उतरले, फुप्फुसांतही झिरपले. दुसरी रक्ताची. मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक बनवतात; त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जा तांबड्या पेशी तयार करते. ते घटले, हिमोग्लोबिन उतरले, ऑक्सिजन वाहून नेणारे कमी पडले. आडवे पडल्यावर धाप वाढते, उठून बसल्यावर बरे वाटते आणि स्टेथोस्कोपमधून छातीच्या तळाशी चुरचुर ऐकू येते, तेव्हा पाण्यावर संशय घ्यावा. छाती स्वच्छ, पण पापणीच्या आत पांढरट आणि चार पावले टाकताच दम, तर रक्तावर. काकूंमध्ये दोन्ही खुणा आहेत.

म्हणून नर्सिंगच्या समस्या दोन लिहायच्या आणि प्रत्येकीचे कारण तिच्या शेजारी. ‘मूत्रपिंडविकार’ हे डॉक्टरांचे निदान झाले. ‘मीठ-पाणी साठल्यामुळे शरीरात द्रवाचा अतिरेक, पुरावा सूज आणि तीन किलो वजन’ ही नर्सची समस्या. उपाय याच वाक्यातून निघतात. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन. एक किलो वाढ म्हणजे साधारण एक लिटर पाणी, म्हणजे काकूंच्या अंगात तीन लिटर जास्त आहे. काल लघवी 600 मिलि झाली असेल, तर त्यात 500 मिळवून आज 1100 मिलि पिण्याची मर्यादा असा ढोबळ हिशेब धरतात; नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. त्यात चहा, आमटीचे पाणी, गोळीबरोबरचा घोटही आला. दिवसभरात मीठ एका चमच्याच्या आत, लोणचे-पापड बंद, कारण मीठ तहान वाढवते आणि मग पाण्याची मर्यादा पाळवत नाही.

इथे मला नकाशा यादीपेक्षा फार उपयोगी वाटतो. मीठ कमी करा म्हटल्यावर घरचे प्रेमाने ‘लो-सोडियम’ मीठ आणतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि काकूंचे पोटॅशियम आधीच 5.8 आहे. ते आणखी चढले तर हृदयाची लय बिघडते, तेही बरेचदा काही लक्षण न दाखवता. ईसीजीत टोकदार, उंच टी-लाट दिसते. म्हणजे पाण्याच्या फांदीवरचा उपाय पोटॅशियमच्या फांदीवर धोका होऊन बसतो. हा आडवा बाण काढलेली विद्यार्थिनी डिस्चार्जच्या वेळी मिठाचे पाकीट वाचायला सांगेल. शहाळे नको, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या, हेही सांगेल.

रक्ताच्या फांदीवरही असेच आहे. रक्ताची पिशवी चढवावी, असे सहज मनात येते. पण पिशवीने पाणी वाढते, साठवलेल्या रक्तातले पोटॅशियमही येते, आणि पुढे प्रत्यारोपण करायचे झाल्यास शरीरात अडथळा आणणारी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. म्हणून निकड नसेल तर आधी लोह तपासतात, मग एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने. त्याने रक्तदाब वाढू शकतो. तेव्हा या चौकटीतून एक बाण 160/96 कडे परत जातो आणि त्यावर लिहायचे: ‘इंजेक्शनआधी बीपी मोजा, जास्त असेल तर आधी डॉक्टरांना कळवा’.

एक बाण मात्र अजून न आलेल्या समस्येकडे जातो. जीएफआर 18 म्हणजे डायलिसिस दूर नाही, आणि त्यासाठी हातात फिस्ट्युला लागेल. काकू उजव्या हाताने कामे करतात, म्हणून डाव्या हातातून रक्त काढायचे नाही, सलाइन लावायचे नाही, बीपीचा पट्टाही बांधायचा नाही. हे केसपेपरवर ठळक लिहावे आणि काकूंनाही सांगावे, म्हणजे रात्रपाळीची नवी सिस्टर डाव्या हाताकडे वळली तर त्या स्वतःच उजवा पुढे करतील.