‘चंद्र कुठे गेला?’

कोजागरीनंतर तीन-चार दिवसांनी संकष्टी येते. त्या संध्याकाळी साडेसातला पाच वर्षांच्या मुलाने गच्चीवर उभे राहून ‘चंद्र कुठे गेला?’ असे विचारले, तर त्या तीन शब्दांचे निदान तीन अर्थ होतात. आत्ता चंद्र कुठे आहे, हा एक. परवा याच वेळी दिसत होता तो आज का नाही, हा दुसरा. आजी चंद्राची वाट पाहत उपाशी बसली आहे, तेव्हा मोदक कधी मिळणार, हा तिसरा.

मोठी माणसे बहुधा चौथ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतात. बाबा संत्रे आणि लिंबू घेऊन अमावास्या समजावतात. त्यातही चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असे हमखास सांगून टाकतात, जे चूक आहे. सावलीमुळे होते ते ग्रहण. मूल ऐकून घेते आणि पुन्हा विचारते, ‘पण चंद्र कुठे गेला?’ तोच प्रश्न त्याच शब्दांत परत आला, की पहिल्या खेपेला अर्थ हुकला असे बहुतेक वेळा समजावे.

अशा वेळी उलट विचारावे लागते, आणि तिथेच घोटाळे होतात. ‘म्हणजे काय? नीट विचार,’ हे मुलाला रागावल्यासारखे वाटते. आपल्या प्रश्नात नीट काय नव्हते हे त्याला ठाऊक नसते, कारण त्याच्या मनात चित्र पूर्ण आहे. ‘तू का विचारतोस?’ यातही तोच खोडा. कारण सांगायचे म्हणजे स्वतःच्या विचाराकडे मागे वळून पाहायचे, आणि ते या वयात जड जाते.

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारा प्रश्न सोपा वाटतो, पण तो जास्त फसवतो. मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या संशोधकांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले होते. दूध पाण्यापेक्षा मोठे असते का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळजवळ सगळ्या मुलांनी उत्तरे दिली. मोठ्या माणसाने विचारले आहे म्हणजे त्याला काहीतरी अर्थ असणारच, असे धरून मुले तो अर्थ स्वतः भरतात. म्हणून ‘अमावास्येबद्दल विचारतोयस ना?’ याला आलेल्या ‘हो’वर विसंबता येत नाही. ते बरेचदा नुसते सौजन्य असते.

मुलाला बोटाने दाखवता येईल किंवा आठवून सांगता येईल, असे विचारले तर काम सोपे होते. गच्चीवर आईने एवढेच म्हणावे, ‘तुला कुठे दिसला होता रे? दाखव बरं.’ मूल पाण्याच्या टाकीच्या वर बोट करते. ‘तिथे. काल होता.’ या वयात ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. त्यामुळे ‘काल नाही, चार दिवसांपूर्वी’ अशी दुरुस्ती करत बसू नये, खूण विचारावी. ‘तेव्हा आपण काय करत होतो?’ ‘दूध पीत होतो. मसाल्याचं.’ झाले. कोजागरी, टाकी, हीच वेळ. प्रश्न दुसऱ्या अर्थाचा आहे. मोदकांचा असता, तर बोट स्वयंपाकघराकडे गेले असते.

दोन प्रश्नांच्या मध्ये थांबणेही लागते. उत्तर लगेच आले नाही की मोठे माणूस प्रश्न बदलून पुन्हा विचारते. मग मुलाला आधीचा सोडून नवा प्रश्न धरावा लागतो आणि हातातले निसटते.

आता उत्तर लहान होते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास उगवतो. पुढे रोज त्याला सरासरी 50 मिनिटे उशीर होतो, म्हणून संकष्टीला तो साडेआठ-नऊच्या सुमारास दिसू लागतो. नेमकी वेळ पंचांगात छापलेली असते. मुलाला सांगायचे ते इतकेच: ‘चंद्र रोज थोडा उशिरा येतो. आज आपण जेवायच्या वेळी येईल. टाकीच्या वर नाही, खाली, त्या इमारतीमागून.’ आणि त्या वेळी त्याला परत गच्चीवर न्यावे.

यानंतर ‘उशीर का होतो?’ असे आले, तर अर्थ बरोबर पकडला होता. हा ‘का’ मात्र पुन्हा सैल आहे. मराठीत तो ‘कशामुळे’ही असतो आणि ‘कशासाठी’ही. चंद्र पृथ्वीभोवती फिरता फिरता पुढे सरकतो, हे झाले ‘कशामुळे’चे उत्तर, मुलाला कदाचित चंद्र वाटेत कुठे थांबतो ते हवे असेल. इथे ‘तुला काय वाटतं, कुठे अडकत असेल?’ असे विचारून पाहावे.

दर प्रश्नाला उलट प्रश्न मात्र करू नये. झोपेला आलेले मूल तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते तेव्हा त्याला अर्थ नको असतो, आवाज हवा असतो. तेव्हा ‘येतोय, वाटेत आहे,’ एवढे पुरते.