eˣ च्या शेजारचा कंस

बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये eˣ ला कशाने तरी गुणलेलं दिसलं, की बहुतेकांचा हात आपोआप ‘बाय पार्ट्स’कडे वळतो. ∫ eˣ · x/(x+1)² dx हे गणित घ्या. सवयीप्रमाणे x/(x+1)² हा भाग बाजूला धरून eˣ चं इंटिग्रेशन करत गेलं, तर पुढच्याच ओळीत छेदातला वर्ग घन होतो. गणित सुटण्याऐवजी फुगत जातं. खरं तर इथे बाय पार्ट्सची गरजच नाही. शेजारचा कंस नीट पाहिला, तर उत्तर त्यातच लिहिलेलं आहे.

eˣ चा डेरिव्हेटिव्ह eˣ च असतो. त्यामुळे eˣ · f(x) या गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह काढला, की दोन्ही पदांत eˣ तसाच राहतो आणि तो कंसाबाहेर काढता येतो: eˣ [f(x) + f′(x)]. हीच ओळ उलट वाचायची:

∫ eˣ [f(x) + f′(x)] dx = eˣ f(x) + C

म्हणजे कंसात एखादं फंक्शन आणि त्याचाच डेरिव्हेटिव्ह अशी जोडी सापडली, की काम संपलं. अडचण एवढीच, की प्रश्नात ही जोडी सहसा उघड दिलेली नसते. छेद एक करून ती एका अपूर्णांकात मिसळलेली असते.

वरच्या गणितात ती सुटी करू. छेदात (x+1) आहे, म्हणून अंशातला x सुद्धा त्याच भाषेत लिहायचा: x = (x+1) − 1. आता अपूर्णांकाचे दोन तुकडे होतात, 1/(x+1) आणि −1/(x+1)². पहिल्याला f म्हणा. त्याचा डेरिव्हेटिव्ह नेमका −1/(x+1)², वजा चिन्हासकट. उत्तर eˣ/(x+1) + C.

यात f कोणता, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. डेरिव्हेटिव्ह घेतला की छेदाचा घात एकाने वाढतो, त्यामुळे दोन तुकड्यांपैकी लहान घाताचा तुकडा f आणि मोठ्या घाताचा f′. त्रिकोणमितीच्या गणितांतही खूण अशीच असते. eˣ (1 + sin x)/(1 + cos x) हे अर्ध्या कोनात लिहिलं, की कंसात tan(x/2) आणि ½ sec²(x/2) उरतात. sec² दिसला की शेजारी tan आहे का, हे आधी पाहावं.

फसगत होते ती चिन्हात. मूळ गणितात अंशात x ऐवजी x+2 घाला. तुकडे होतात 1/(x+1) आणि +1/(x+1)². दिसायला जोडी तशीच, पण चिन्ह उलटं. घाईत याचंही उत्तर eˣ/(x+1) लिहिलं जातं. त्याचा डेरिव्हेटिव्ह काढून पाहिला, की अंशात x+2 नव्हे, x येतो आणि चूक लगेच पकडली जाते. ही पडताळणी एका ओळीची आहे, ती कधीच टाळू नये. दुसरी चूक e²ˣ असताना हेच सूत्र लावण्याची. तिथे गुणाकाराच्या नियमातून कंसात 2f + f′ येतं, नुसतं f + f′ चालत नाही.

मग x+2 च्या गणिताचं खरं उत्तर काय? इथे हे सूत्र एका युक्तीपेक्षा बरंच मोठं ठरतं. फ्रेंच गणिती जोसेफ लिऊव्हिल यांनी 1830 च्या दशकात या प्रश्नाचा छडा लावला. त्यांच्या कामातून निघणारा निष्कर्ष असा: eˣ ला बहुपदींच्या अपूर्णांकाने गुणलं असेल, तर त्याचं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शनांत तेव्हाच लिहिता येतं, जेव्हा तो अपूर्णांक f + f′ या रूपात बसतो आणि f स्वतःही तसाच अपूर्णांक असतो. जोडी जुळली नाही, तर बाय पार्ट्स, बदली काहीही करा, उत्तर येणार नाही.

eˣ/x वर हे तपासता येतं. f च्या छेदात x कमीत कमी एका घाताने हवा. पण मग f′ च्या छेदात तो कमीत कमी वर्गात येतो, आणि तो वर्ग खोडून टाकणारं f मध्ये काही नसतं. म्हणून f + f′ ची बेरीज नुसती 1/x कधीच होऊ शकत नाही. x+2 च्या गणितातही असंच अडतं: पहिल्या तुकड्यासाठी f चा सहगुणक +1 हवा आणि दुसऱ्यासाठी −1.

या फंक्शनांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मात्र खरंच असतं आणि आकडेमोडीने हवं तितकं अचूक काढता येतं. म्हणून eˣ/x च्या इंटिग्रलला गणितज्ञांनी Ei असं स्वतंत्र नावच दिलं आहे, आणि x+2 च्या गणिताचं उत्तरही या Ei शिवाय लिहिता येत नाही.