राणी आहे का?

‘गो फिश’ लहान मुलं निव्वळ नशिबावर खेळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी मात्र त्यातला एक नियम नीट ओळखला, की खेळच पालटतो: जे पान आपल्या हातात आहे, तेच दुसऱ्याकडे मागता येतं. म्हणजे राणी मागणाऱ्याने ‘माझ्याकडे राणी आहे’ हे चारचौघांत सांगूनच टाकलेलं असतं.

चौघं बसली आहेत. प्रत्येकाला पाच पानं, मध्ये तळ्यात बत्तीस. अनय कबीरला विचारतो, ‘राणी आहे?’ कबीर म्हणतो, ‘नाही, गो फिश.’ अनय तळ्यातून एक पान उचलतो. मागितलेलंच पान निघालं तर ते दाखवून पुन्हा विचारायचं, असा आपला नियम. त्याची पाळी संपली, म्हणजे निघालेलं पान राणी नव्हतं. मग मीरा अनयकडे सत्ती मागते, तिलाही मिळत नाही. तीही एक पान उचलते.

आता सईची पाळी. तिच्या हातात एक राणी, एक सत्ती. ती अनयकडे राणी मागते आणि त्याच्या दोन्ही राण्या घेते. पान मिळालं की पाळी चालूच. मीराकडून एक सत्ती घेते. इथपर्यंत सगळं खात्रीचं होतं, पण पुढे काय विचारायचं?

उतावीळ मूल इथे हातातली अठ्ठी मागून बसतं आणि एक नवं गुपित फोडतं. सई मीराकडे राणीच मागते. तिच्याकडे तीन राण्या आहेत हे सगळ्यांना ठाऊकच आहे, त्यामुळे या प्रश्नाने नवं काही उघड होत नाही. मीराही ‘नाही’ म्हणाली, तर चौथी राणी नक्की तळ्यात आहे: अनयने होत्या तेवढ्या दिल्या, आणि कबीरने ‘नाही’ म्हटल्यापासून पान उचललेलं नाही. सई एक पान उचलते, ती राणी निघत नाही आणि पाळी कबीरकडे जाते. तरी तिच्या तीन राण्या तूर्त सुखरूप आहेत, कारण राणी नसलेल्या कबीरला त्या मागताच येत नाहीत. सत्त्यांचं तसं नाही. त्याच्याकडे सत्ती असली तर तो सईच्या दोन्ही नेईल.

लक्षात ठेवताना मुलं एक चूक हमखास करतात. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही ती सारखीच जपतात. पण कुणाकडे पान आहे ही माहिती ते पान हलेपर्यंत पक्की राहते; ‘नाही’ मात्र त्या खेळाडूने पान उचललं की शिळं व्हायला लागतं. दोन फेऱ्यांपूर्वी राणी नव्हती म्हणून आज त्याला विचारायचंच नाही, हा हिशेब चुकतो. आणि राण्या सईकडे गेल्यावरही कुणी अनयलाच राणी मागत बसलं, तर समजावं की त्याने पान लक्षात ठेवलं, त्याचा मालक बदलला हे ठेवलं नाही. अशा मुलाला सगळी पानं आठवायला लावू नये. ‘सई, राणी तीन. सई, सत्ती दोन.’ एवढंच मनात म्हणायचं आणि चौकडी खाली ठेवली गेली की ते नाव सोडून द्यायचं.