बिघाड एका फेजवर, अरेस्टर फुटतो दुसऱ्याच फेजचा

पावसाळ्यात 33 केव्ही फीडरवर झाडाची फांदी पडते, आर फेजची तार तुटून जमिनीवर येते आणि फीडर ट्रिप होतो. लाइनमन जाऊन पाहतात, तर वाय आणि बी फेजचे लायटनिंग अरेस्टर फुटलेले. त्या दोन तारांना कशाचाही स्पर्श झालेला नसतो. अशा वेळी अहवालात बहुधा 'वीज पडली' असं लिहून मोकळं होतात. ते मला पटत नाही, कारण खरं कारण शोधता येतं आणि पुढचे अरेस्टर वाचवताही येतात.

तिन्ही फेजमध्ये आपापसांत 33 केव्ही असतात. जमिनीपासून मोजलं तर प्रत्येक तारेवर साधारण 19 केव्ही, म्हणजे 33 भागिले 1.73. आता एक तार जमिनीला टेकली की तिचा जमिनीपासूनचा दाब जवळपास शून्य होतो. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलाच नसेल, तर सगळी व्यवस्था त्या टेकलेल्या तारेच्या आधाराने सरकते आणि उरलेल्या दोन तारांवर जमिनीपासून पूर्ण 33 केव्ही येतात, म्हणजे नेहमीच्या 1.73 पट. न्यूट्रल जमिनीला नीट जोडलेला असेल तर तो फारसा सरकू शकत नाही आणि वाढ कमी राहते. ही पट म्हणजेच अर्थ फॉल्ट फॅक्टर: बिघाडाच्या वेळी निरोगी फेजवर आलेला सर्वांत मोठा दाब, भागिले त्याच जागचा बिघाडाआधीचा दाब. हा आकडा 1.4 पर्यंत राहत असेल तर त्या जाळ्याचं अर्थिंग परिणामकारक मानतात.

अरेस्टर निवडताना हाच आकडा वापरतात. 33 केव्हीच्या यंत्रणेत दाब 36 केव्हीपर्यंत चढू शकतो असं धरतात. 36 भागिले 1.73 म्हणजे 20.8, त्याला 1.4 ने गुणलं की 29.1. म्हणून परिणामकारक अर्थिंगच्या जाळ्यात 30 केव्ही रेटिंगचा अरेस्टर बसवण्याची पद्धत आहे. झिंक ऑक्साइडच्या चकत्यांचा अरेस्टर साधारणपणे आपल्या रेटिंगइतका दाब 10 सेकंद सोसतो. एकाच सेकंदाचा प्रश्न असेल तर त्याहून 5 ते 10 टक्के जास्तही चालतं. त्यापुढे मात्र चकत्या तापतात, तापल्या की जास्त प्रवाह जाऊ देतात, त्यामुळे आणखी तापतात, आणि शेवटी अरेस्टर फुटतो. विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांचा असतो. इथे दाब मध्यम असला तरी तो सेकंदच्या सेकंद टिकतो.

मग 30 केव्हीचा अरेस्टर योग्य असताना का फुटावा? समजा, त्याच फीडरच्या दुसऱ्या टोकाला साखर कारखान्याचा वीजनिर्मिती संच आहे आणि कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरची 33 केव्ही बाजू डेल्टामध्ये जोडलेली आहे. आर फेज जमिनीवर पडली. उपकेंद्राच्या रिलेला अर्थ फॉल्ट दिसला आणि तिथला ब्रेकर अर्ध्या सेकंदात उघडला. न्यूट्रलचं अर्थिंग मात्र उपकेंद्रातच होतं, तेही त्या ब्रेकरबरोबर तुटलं. डेल्टाला न्यूट्रलच नसतो. कारखान्याचा संच चालूच आहे आणि आता तो अर्थिंग नसलेल्या तारांना वीज देतोय. जमिनीतून जाणारा प्रवाह अगदी किरकोळ राहिल्याने कारखान्याच्या ओव्हरकरंट रिलेला काही कळत नाही. निरोगी फेजवर दाब 36 केव्हीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे 30 केव्हीच्या अरेस्टरवर रेटिंगच्या 1.2 पट. भार आणि निर्मिती जुळलेली असेल तर ही अवस्था काही सेकंद टिकते, आणि तेवढा वेळ अरेस्टरला जड जातो.

खात्री करायची तर रिलेत नोंदलेले व्होल्टेज वेव्हफॉर्म पाहावेत. उपकेंद्राचा ब्रेकर उघडल्यानंतर वाय आणि बीचे जमिनीपासूनचे दाब फेजांमधल्या दाबाइतके चढलेले दिसले, तर दोष विजेचा नाही.

उपाय दोन आहेत, आणि माझ्या मते दोन्ही हवेत. कारखान्याच्या बाजूला ओपन डेल्टा पीटी बसवून न्यूट्रल सरकल्याचं ओळखणारी रिले लावावी. ती प्रवाहाऐवजी दाब पाहते आणि कारखान्याचा ब्रेकर उघडते. शिवाय अशा फीडरवर 36 केव्हीचा अरेस्टर घ्यावा. त्याची किंमत म्हणजे विजेच्या झटक्यात तो उपकरणापर्यंत पोचू देणारा दाब सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, अंदाजे 90 वरून 108 केव्ही. 33 केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन 170 केव्हीचा झटका सोसेल असं बनवतात, त्यामुळे अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ बसवला असेल तर एवढी वाढ परवडते. मात्र 36 केव्हीचा अरेस्टरही पूर्ण 36 केव्ही 10 सेकंदच सोसतो. बिघाड तासन्‌तास तसाच ठेवून चालवायच्या, न्यूट्रल मोकळा असलेल्या जाळ्यात त्याच हिशेबाने 45 केव्हीच्या आसपासचा अरेस्टर लागतो, कारण तिथे 36 केव्ही हाच त्याचा नेहमीचा दाब होऊन बसतो.